‘सी’ला ‘रे’ चालत नाही

१९६२ साली फ्रान्समध्ये ‘ला गेर दे बुताँ’ नावाचा चित्रपट आला. इव्ह रोबेर यांचा हा चित्रपट लुई पेर्गो यांच्या १९१२च्या कादंबरीवर बेतलेला आहे. दोन गावांतल्या पोरांची लढाई, आणि हरलेल्याच्या कपड्यांची बटणं जिंकणाऱ्याची. त्यातला सगळ्यात चिमुरडा, प्ती जिबुस, सारखा कुरकुरतो की आधी कळलं असतं तर आलोच नसतो. त्याचं हे वाक्य फ्रान्समध्ये अजून लोकांच्या तोंडी आहे, आणि गंमत अशी की ते व्याकरणाने पार चुकलेलं आहे.

शुद्ध फ्रेंचमध्ये हीच हळहळ अशी होते: ‘सी जाव्हे स्यू, ज न सरे पा व्हन्यू.’ ‘सी’ म्हणजे जर. ‘जाव्हे स्यू’ हा पूर्ण भूतकाळ, म्हणजे ‘मला कळलं होतं’. पुढचं ‘सरे व्हन्यू’ हे मात्र वेगळंच रूप. त्याला ‘कॉन्दिस्योनेल पासे’ म्हणतात; जे घडू शकलं असतं पण घडलं नाही, ते सांगायचं रूप. जिबुसने पहिल्या भागातही हेच दुसरं रूप घातलं आणि ‘सी जाव्हे’च्या जागी ‘सी जोरे’ म्हटलं. शिवाय ‘येणं’ या क्रियापदाला ‘असणं’ हे सहायक लागतं, तिथे त्याने ‘जवळ असणं’ या अर्थाचं ‘आव्हार’ लावून टाकलं.

पहिली चूक मराठी माणसाला चूक वाटतच नाही. ‘कळलं असतं तर आलो नसतो’ यात दोन्हीकडे एकच साचा आहे: इकडे असतं, तिकडे नसतो. त्यामुळे मराठी विद्यार्थी फ्रेंच बोलताना नेमका जिबुसच्या वाटेने जातो. फ्रेंच मुलंही जातात, म्हणून तिथल्या शाळांत एक घोकंपट्टी आहे: ‘ले सी नेम पा ले रे’, म्हणजे ‘सी’ला ‘रे’ आवडत नाही. हा ‘रे’ म्हणजे ‘जोरे’, ‘सरे’ या रूपांच्या शेवटी ऐकू येणारा आवाज.

आवडत नाही, पण का?

उत्तर या रूपाच्या जन्मात आहे. लॅटिनमध्ये मूळ क्रियापदापुढे ‘जवळ असणे’ या अर्थाच्या धातूचं वर्तमान रूप जोडून फ्रेंच भविष्यकाळ तयार झाला आणि त्याच धातूचं भूतकाळी रूप जोडून हा ‘रे’ तयार झाला. दोघे सख्खे भाऊ. ‘रे’ म्हणजे काल उभं राहून पाहिलेला उद्या. आता, ‘पाऊस पडला तर’ म्हणतानाही फ्रेंच ‘सी’नंतर भविष्यकाळ वापरत नाही, साधा वर्तमानच वापरते. एका भावाला दारात उभं करत नाहीत, तर दुसऱ्याला कसं करतील?

जुन्या फ्रेंचमध्ये मात्र दोन्ही भागांत एकच रूप चालत असे, जसं लॅटिनमध्ये होतं आणि मराठीत आहे. ते रूप वेगळं होतं, ‘रे’चं नव्हे. आज ते जुन्या धाटणीच्या लेखनात भेटतं, बोलण्यात नाही. म्हणजे जिबुसचा कान अगदीच वेडा नव्हता, असं म्हणायला हरकत नाही.

गाडी चुकलेल्या माणसाचं उदाहरण घेऊ. ‘लवकर निघालो असतो तर गाडी चुकली नसती’: ‘सी जेते पार्ती प्ल्यू तो, ज नोरे पा राते ल त्रँ.’ निघण्याला ‘असणं’चं सहायक, म्हणून ‘जेते’. चुकवण्याला ‘आव्हार’, म्हणून ‘नोरे’. पण परिणाम आत्ताचा असेल, म्हणजे ‘लवकर निघालो असतो तर आत्ता लियाँत असतो’, तर शेवटी नुसतं ‘ज सरे आ लियाँ’ येतं. त्याला पुढे दुसरं क्रियापद जोडायचं नाही. इथे अडखळायला होतं, कारण पहिला भाग जसाच्या तसा राहतो आणि फक्त दुसरा बदलतो. पश्चात्ताप कधीचा आहे यापेक्षा त्याचा परिणाम कुठे पोचला, हे आधी बघावं लागतं.

एक पळवाट आहे. ‘सी’चा अर्थ ‘जर’ नसून ‘की नाही’ असेल, तर ‘रे’ खुशाल चालतो. ‘ती येईल की नाही ते मला माहीत नव्हतं’ यात ‘सी’नंतर ‘व्हियँद्रे’ येतं आणि कुठलाही मास्तर लाल रेघ ओढत नाही.

हळहळ नेहमी ‘सी’ घेऊनच येते असंही नाही. ‘जोरे द्यू’ एवढं म्हटलं की ‘करायला हवं होतं’ झालं. समोरच्याला ‘त्यू ओरे प्यू’ म्हटलं, की ‘जमलं असतं की तुला’ हा टोमणा. वर्तमानपत्रांत मात्र याच रूपाचं वेगळंच काम असतं. ‘ल मिनिस्त्र ओरे देमिस्योने’ या मथळ्यात ना जर, ना खंत. मंत्र्यांनी राजीनामा दिल्याचं समजतं, पण खात्री अजून झालेली नाही, एवढंच तो सांगतो.