कॅशे पुसा, गाणी ठेवा

आत्या वारीला निघाली त्याच्या आदल्या रात्रीची गोष्ट. फोन भरला म्हणून घरातल्या एकाने तो ‘साफ’ करून दिला. सकाळी स्पॉटिफाय उघडलं, तर ते पुन्हा लॉगिन मागत होतं. लॉगिन केल्यावर अभंगांची यादी जशीच्या तशी दिसली, पण डाउनलोड करून ठेवलेले चारशे अभंग फोनमधून गेले होते. यादी खात्यात असते आणि डाउनलोड फोनमध्ये, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

घोटाळा झाला दोन बटणांत. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ॲपच्या पानावर Clear cache आणि Clear storage (काही फोनांत Clear data) शेजारी शेजारी असतात. कॅशे म्हणजे ऐकता-बघता ॲपने स्वतःहून साठवलेले गाण्यांचे तुकडे आणि चित्रं. ती पुसली तर फार तर पुढच्या वेळी थोडा डेटा जास्त लागतो. दुसरं बटण मात्र लॉगिन आणि डाउनलोड दोन्ही पुसतं.

म्हणून हे काम फोनच्या सेटिंगमध्ये न करता स्पॉटिफायच्या आतच करावं. तिथे सेटिंगमध्ये डाउनलोड आणि कॅशेने किती जागा घेतली ते वेगवेगळं दिसतं. Clear cache दाबलं तरी डाउनलोड शाबूत राहतात. जवळच Remove all downloads आहे, त्याला हात लावू नये. आयफोनमध्ये तर कॅशे पुसायचं बटण ॲपच्या आतच आहे.

पण कॅशे पुन्हा भरणारच. मुळात जागा लागते ती गाण्यांना. High दर्जाला, म्हणजे सेकंदाला 160 किलोबिटने, सहा मिनिटांचा अभंग साधारण 7 एमबीचा होतो. चारशे अभंगांचे झाले जवळपास 3 जीबी. Very high निवडलं की हेच दुप्पट. चालताना साध्या इअरफोनवर ऐकायचं असेल, तर माझ्या मते 160 पुरेसं आहे.

फोनला मेमरी कार्डाची सोय असेल, तर ॲपच्या Storage मध्ये डाउनलोडची जागा म्हणून कार्ड निवडता येतं. आधीची गाणी तिकडे हलायला वेळ लागतो, तोवर ॲप बंद करू नये. कार्ड काढलं की गाणीही बंद. शिवाय ही गाणी त्याच ॲपमध्ये वाजतात, कार्ड दुसऱ्या फोनला लावून चालत नाहीत. स्वस्तातलं मंद कार्ड घेतलं, तर गाणं अडखळतं.

आत्याच्या फोनमध्ये आता कार्ड आहे. तिचे अभंग वायफायवर पुन्हा उतरवून घेतले, आणि मग फोन एअरप्लेन मोडवर टाकून यादीतले पहिला, मधला आणि शेवटचा असे तीन वाजवून पाहिले. तुम्हीही निघण्यापूर्वी एवढं करा. आणि महिन्यातून एकदा तरी ॲप इंटरनेटला जोडा, कारण 30 दिवस जोडलं नाही तर डाउनलोड निघून जातात.