फोटोत नदीही पाहिजे

कौंडण्यपूर. कार्तिकातली सकाळ, ऊन अजून कोवळं. आर्वीहून आलेलं एक कुटुंब विठ्ठल-रुक्मिणीचं दर्शन घेऊन नदीकडच्या बाजूला थांबलं आहे: नवरा-बायको, सात-आठ वर्षांची मुलगी आणि आजी. आजीला फोटोत वर्धा नदी पाहिजे. पलीकडचा काठ आपल्या जिल्ह्याचा आहे, तोही दिसला पाहिजे.

सूनबाई जवळून जाणाऱ्या एका तरुणाला विचारते, "भाऊ, एक फोटो काढून देता का जी?" तो लगेच फोन घेतो, चार पावलं मागे सरतो, बटण दाबतो आणि फोन परत करतो.

फोटोत चौघंही काळवंडलेले. नदी इथून पूर्वेला आहे आणि सूर्यही तिकडेच. मागचा उजेड जास्त असला की फोन त्याच्या मानानं फोटो ठरवतो आणि चेहरे अंधारात जातात. शिवाय अर्धं आभाळ आलं आहे आणि आजीचे पाय कापले गेले आहेत. यात त्या तरुणाचा दोष नाही. "एक फोटो" एवढंच त्याला सांगितलं होतं.

सूनबाई त्याला जाऊ देत नाही. "थांबा भाऊ, दाखवते," म्हणते आणि सगळ्यांना थोडं वळवून उभं करते. आता ऊन गालावर एका बाजूनं पडतं आणि नदी मागे तिरपी दिसते. मग ती स्वतः तरुणाच्या जागी येते, फोन आडवा धरते, छातीच्या उंचीवर आणते आणि आपल्याविनाच एक फोटो काढते. आजीच्या शेजारी तिनं स्वतःसाठी जागा मोकळी सोडली आहे.

तो फोटो त्याच्यापुढे धरून सांगते, "अस्साच पाहिजे. मी या मोकळ्या जागेत येते. खाली पाय, वर थोडंसंच आभाळ. तुम्ही इथून हलू नका, झूम करू नका. आजीच्या चेहऱ्यावर बोट टेकवा, मग दाबा. तीन-चार काढा."

मला ही रीत फार आवडते. तोंडी सांगितलेलं "जरा मागून, जरा वरून" प्रत्येकाला वेगळं कळतं, नमुना समोर असला की विचारायला काही उरत नाही.

तरुण चेहऱ्यावर बोट टेकवतो. पडदा उजळतो, चेहरे उमटतात, पण मागचं पाणी पांढरं पडू लागतं. दोन्ही पूर्ण मिळणार नाही. तो विचारतो, "ताई, नदी थोडी फिकी येते, चालते का?"

"चालते. आजी दिसली पाहिजे."

एका फोटोत मुलीचे डोळे मिटलेले, एकात आजी भलतीकडे पाहते आहे. तिसऱ्यात सगळं जमलं आहे आणि पलीकडच्या काठाची हिरवी रेघही आली आहे. तरुण आता स्वतःचा फोन पुढे करतो. त्याची आई मागे उभी आहे.

सूनबाई आधी विचारते, "पूर्ण उभ्या पाहिजेत, की जवळून?"