तीन वर्षांची बेरीज कुठे चुकते

२००७ संपताना मुंबई शेअर बाजाराचा सेन्सेक्स २०,२८६.९९ वर बंद झाला होता. जागतिक मंदीच्या तडाख्याने २००८ अखेर तो ९,६४७.३१ वर आला, २००९ अखेर १७,४६४.८१ पर्यंत चढला आणि २०१० संपताना २०,५०९.०९ वर पोहोचला. या तीन वर्षांचे परतावे नेहमीच्या पद्धतीने काढले तर पहिल्या वर्षी ५२.४५ टक्के घट, दुसऱ्या वर्षी ८१.०३ टक्के वाढ आणि तिसऱ्या वर्षी १७.४३ टक्के वाढ दिसते. तिघांची बेरीज ४६ टक्के होते आणि वर्षाची सरासरी १५ टक्क्यांच्या वर जाते. प्रत्यक्षात निर्देशांक तीन वर्षांत २२२ अंकांनी, म्हणजे जेमतेम १.०९ टक्क्याने वाढला होता. यातला एकही वार्षिक आकडा खोटा नाही, तरी बेरीज मात्र पूर्ण खोटी आहे. हे का होते आणि कोणत्या मापाने मोजले असता होत नाही, हे बचत करणाऱ्या प्रत्येकाला कळायला हवे असे मला वाटते.

टक्का हा नेहमी कशाचा तरी टक्का असतो. २००८ मधले ५२ टक्के हे २०,२८६ चे होते आणि २००९ मधले ८१ टक्के हे ९,६४७ चे. पाया बदलला, पण आकड्याने ते सांगितले नाही. अर्ध्याहून खाली आलेल्या निर्देशांकाला मूळ जागी परतण्यासाठी ५२ नव्हे, ११० टक्के चढावे लागते. एवढ्या एका गोष्टीतच सगळा घोळ दडलेला आहे. साधे परतावे जोडायचे असतील तर गुणाकाराने जोडावे लागतात: ०.४७५५४ गुणिले १.८१०३३ गुणिले १.१७४३१, उत्तर १.०१०९. हिशेब बरोबर आहे, पण हातात येते ती गुणाकारांची साखळी, आणि तिच्यात कोणत्या वर्षाने किती नेले व किती दिले हे सहज दिसत नाही.

गुणाकाराची बेरीज करून देणारे साधन जुने आहे. स्कॉटलंडच्या जॉन नेपियरने १६१४ मध्ये आपले लॉगचे कोष्टक छापले ते याच कामासाठी, आणि कॅल्क्युलेटर येईपर्यंत आपल्याकडची शाळा-कॉलेजची मुले लॉग टेबल वापरत होती तीही याचसाठी. वर्षअखेरच्या आकड्याला वर्षारंभीच्या आकड्याने भागायचे आणि भागाकाराचा नैसर्गिक लॉग घ्यायचा, हाच लॉग परतावा. स्प्रेडशीटमध्ये किमती B1 आणि B2 या घरांत असतील तर `=LN(B2/B1)` एवढे लिहिले की झाले. आपल्या तीन वर्षांसाठी उत्तरे येतात उणे ०.७४३३, अधिक ०.५९३५ आणि अधिक ०.१६०७. बेरीज करा: ०.०१०९. हाच आकडा पहिल्या आणि शेवटच्या निर्देशांकावरून थेट काढला तरी येतो, आणि `=EXP(0.010888)-1` केले की आपले १.०९ टक्के परत मिळतात.

ही बेरीज योगायोगाने जुळत नाही. भागाकाराचा लॉग म्हणजे दोन लॉगची वजाबाकी. किमतीचा लॉग हा रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडासारखा समजा. दोन दगडांमधले अंतर म्हणजे त्या टप्प्याचा परतावा. गाडी मागे गेली, पुढे आली, कुठेही थांबली, तरी टप्पे जोडताना मधला प्रत्येक दगड एकदा मिळवला जातो आणि एकदा वजा होतो. उरतात फक्त पहिला आणि शेवटचा. म्हणूनच घसरण आणि तिची पूर्ण भरपाई या मापात सारख्याच लांबीच्या असतात: ०.७४३३ खाली, तर परत यायला ०.७४३३ वर.

लॉग परताव्याला सतत चक्रवाढीचा दर का म्हणतात, हे शेअरपेक्षा मुदत ठेवीवर लवकर समजते. एखाद्या कुटुंबाने एक लाख रुपये वर्षासाठी सात टक्क्यांनी ठेवले असे धरू. व्याज तिमाहीला मुद्दलात मिळत असेल तर वर्षअखेर हातात १,०७,१८६ रुपये येतात, म्हणजे प्रत्यक्ष वाढ ७.१९ टक्के. व्याज रोज मिळवले तर १,०७,२५० होतील, आणि क्षणाक्षणाला मिळवले तरी त्यापुढे फक्त काही पैसे. चक्रवाढीला वरची मर्यादा आहे आणि ती ज्या संख्येने ठरते, तीच पाया धरून काढलेला लॉग म्हणजे नैसर्गिक लॉग. आता उलट विचारू: तिमाहीची ही ठेव क्षणाक्षणाच्या चक्रवाढीच्या कोणत्या दराशी बरोबरीची? उत्तर ६.९४ टक्के. दर तिमाहीला १.७३५ टक्के, चार तिमाह्यांची सरळ बेरीज. व्याजावरचे व्याज दरातच मुरलेले असल्यामुळे बेरजेत वेगळे काही धरावे लागत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. म्युच्युअल फंडाच्या माहितीपत्रकात वार्षिक चक्रवाढ दर छापलेला असतोच; मग लॉग कशाला? तो दर लॉग परताव्याच्या सरासरीचेच दुसरे रूप आहे. आपल्या तीन वर्षांची लॉग सरासरी ०.३६३ टक्के आणि चक्रवाढ दर ०.३६४ टक्के. पण तो दर फक्त दोन टोके सांगतो. चढउतार मोजायचा असेल, रोजच्या हालचालीवरून वर्षाची अस्थिरता काढायची असेल, तर तुकडे बेरजेत बसणारे लागतात. रोजच्या विचलनाला व्यवहाराच्या दिवसांच्या वर्गमुळाने गुणण्याची प्रथा त्या बेरजेवर उभी आहे, आणि तीही दिवसांचा एकमेकांशी संबंध नाही असे मानले तरच.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. लॉग परतावे काळातून जुळतात, शेअरांतून नाही. निम्मे पैसे एका शेअरात, निम्मे दुसऱ्यात. पहिला ५० टक्के चढला, दुसरा ५० टक्के पडला. रुपयांत फायदाही नाही, तोटाही नाही, आणि साध्या परताव्यांची सरासरी बरोबर शून्य येते. लॉगची सरासरी मात्र उणे ०.१४४ येते, म्हणजे १३ टक्क्यांहून अधिक नुकसान, जे कुणाचेच झालेले नाही. म्हणून क्रम पाळावा लागतो: एका दिवसातले सगळे शेअर आधी साध्या परताव्याने, त्यांच्या रुपयांच्या वजनाने एकत्र करायचे, मग त्या एका आकड्याचा लॉग घ्यायचा आणि त्यानंतरच दिवस जोडायचे. क्रम उलटला तर स्प्रेडशीट कुठलीही सूचना देत नाही. ताळा एकच, शेवटचे रुपये सुरुवातीच्या रुपयांशी जुळवून पाहणे. मध्येच पैसे घातले किंवा काढले असतील, जसे दरमहाच्या एसआयपीत होते, तर हा ताळाही थेट चालत नाही. तिथे प्रत्येक रकमेची तारीख धरणारा हिशेब करावा लागतो.

रोजच्या एक टक्क्याच्या हालचालीत साधा आणि लॉग हे दोन परतावे जवळपास सारखेच असतात: साधा १ टक्का म्हणजे लॉगने ०.९९५. मोठ्या हालचालीत मात्र ते दुरावतात. लोकसभेच्या निकालानंतरच्या सोमवारी, १८ मे २००९ ला, सेन्सेक्स एका दिवसात १२,१७३.४२ वरून १४,२८४.२१ वर गेला. साधा परतावा १७.३४ टक्के, लॉग परतावा १५.९९. तेव्हा तक्त्याच्या डोक्यावर कोणता परतावा आहे ते लिहिलेले नसेल, तर वाचणाऱ्याला सव्वा टक्क्याहून मोठी चूक दिसणारसुद्धा नाही.