फ्रीझमध्ये दार उघडताना

डेबियन ही जगभरातल्या स्वयंसेवकांनी उभी केलेली संगणक प्रणाली आहे. तिची तेरावी आवृत्ती, ‘ट्रिक्सी’, ९ ऑगस्ट २०२५ रोजी प्रसिद्ध झाली. तिच्यात सुमारे ७० हजार पॅकेजं आहेत. एवढ्या पसाऱ्यात रोज कोणी ना कोणी काहीतरी बदलत राहिलं, तर तपासणाऱ्यांनी काल तपासलेली प्रणाली आज शिल्लकच राहत नाही. म्हणून प्रकाशनाच्या आधी कोड गोठवतात. यालाच कोड फ्रीझ म्हणतात.

ट्रिक्सीचा फ्रीझ १५ मार्चला सुरू झाला आणि टप्प्याटप्प्यानं आवळत गेला. १५ मेपासून महत्त्वाच्या पॅकेजांना आणि ज्यांच्यासाठी स्वयंचलित चाचण्या नाहीत अशांना परवानगीशिवाय आत येता येईना. २७ जुलैपासून तर सगळ्यांनाच दार बंद झालं. पण दोष काही तारखा पाहून सापडत नाहीत. फ्रीझमध्येच एखादा गंभीर दोष उघडकीला आला, तर तो तसाच ठेवून आवृत्ती बाहेर काढणं हेही चुकीचंच. म्हणून अपवादाची वाट ठेवलेली असते. ही वाट एका तिकिटातून जाते. तिला ‘अनब्लॉक’ची विनंती म्हणतात.

पॅकेज सांभाळणारा माणूस ही विनंती डेबियनच्या सार्वजनिक दोषनोंदणीत टाकतो. तिचा साचा ठरलेला आहे. त्याचा गाभा असा:

```
[ Reason ]
[ Impact ]
[ Tests ]
[ Risks ]
unblock pustak/2.4-2
```

बदल कशासाठी, नाकारला तर वापरणाऱ्याचं काय नुकसान, तपासणी कोणती केली आणि धोका किती, असे हे चार प्रश्न. यांत दुसरा प्रश्न सगळ्यांत कामाचा आहे. ‘बदल चांगला आहे’ असं कोणीही लिहील, कारण वाईट बदल कोणी मुद्दाम करत नाही. ‘हा बदल आत्ता आला नाही तर कोणाचं काय बिघडेल’ याचं उत्तर देताना मात्र लिहिणाऱ्यालाच कळतं की आपलं काम खरोखर अडलं आहे की आपल्याला फक्त घाई झाली आहे.

एक उदाहरण घेऊ. ‘पुस्तक’ नावाचं, ग्रंथालयाची यादी ठेवणारं एक काल्पनिक पॅकेज आहे असं समजा. फ्रीझमध्ये त्याची 2.4-1 ही आवृत्ती आहे. डिस्क भरलेली असताना ‘जतन करा’ दाबलं की जुनी यादीही पुसली जाते, असा दोष कोणाला तरी सापडतो. मूळ लेखकांनी तो 2.5 मध्ये दुरुस्त केला आहे, पण त्याच आवृत्तीत नवी मांडणी आणि नवी शोधपेटीही आणली आहे. पॅकेज सांभाळणारी बाई विनंती करते: ‘2.5 आत घ्या, गंभीर दोष दूर होतो.’ विनंतीसोबत जुन्या आणि नव्या पॅकेजमधला फरक जोडावा लागतो. तो निघतो काही हजार ओळींचा.

प्रकाशन चमूतला तपासणारा हा फरक वाचतो, विनंतीवर ‘moreinfo’ असा शेरा मारतो आणि विचारतो, यातल्या कोणत्या ओळी त्या दोषाच्या? बाई शोधते, तर चौदा ओळी निघतात. ती त्या तेवढ्याच 2.4 मध्ये बसवते, 2.4-2 तयार करते आणि तिकीट नव्यानं भरते. कारणात दोषाचा क्रमांक. परिणामात ‘डिस्क भरली की वापरणाऱ्याची पूर्ण यादी जाते, परत मिळवता येत नाही’. तपासणीत मुद्दाम भरलेल्या डिस्कवर केलेला प्रयोग. धोक्यात ‘बदल फक्त जतन करण्याच्या एका फंक्शनमध्ये, दुसरं कोणतंही पॅकेज यावर अवलंबून नाही’. आता तपासणाऱ्याला वाचायला चौदा ओळी आहेत, आणि तो त्या खरोखर वाचू शकतो.

धोक्याच्या रकान्यात ‘बदल छोटा आहे’ एवढंच लिहून भागत नाही. सप्टेंबर २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल पॅकेजमध्ये, एका तपासणी साधनाच्या सूचना थांबवण्यासाठी, अगदी थोड्या ओळी बदलल्या गेल्या. त्या बदलानं यादृच्छिक आकडे बनवण्याची यंत्रणाच कोरडी पाडली. गुप्त किल्ल्यांचे प्रत्येक प्रकारात जेमतेम ३२ हजारांच्या आसपास पर्याय उरले, म्हणजे त्या किल्ल्या ओळखणं सोपं झालं. मे २००८ मध्ये हे उघड झालं तेव्हा जगभर किल्ल्या बदलाव्या लागल्या. ओळी किती यापेक्षा त्या कुठे बसल्या आहेत आणि त्यांच्यावर कोण कोण विसंबून आहे, हे लिहायला हवं.

विनंती पटली की मान्यता येते, आणि डेबियनमध्ये ही मान्यता कशी नोंदवतात ते पाहण्यासारखं आहे. पॅकेजं पुढे सरकवण्याचं काम ‘ब्रिटनी’ नावाचा प्रोग्रॅम करतो. प्रकाशन चमूतल्या प्रत्येक सभासदाची, त्याच्या नावाची, एक फाईल असते. मान्यता देणारा आपल्या फाईलमध्ये `unblock pustak/2.4-2` ही ओळ लिहितो आणि ब्रिटनी ती वाचून दार उघडतो. या एका ओळीत दोन गोष्टी पक्क्या होतात. परवानगी ‘चमूनं’ दिली असं मोघम राहत नाही, अमुक माणसानं दिली हे कोणालाही पाहता येतं. आणि परवानगी फक्त त्या आवृत्तीला मिळते. उद्या बाईनं शब्दलेखनाची चूक सुधारून 2.4-3 चढवली, तर जुनी ओळ तिला लागू पडत नाही, पुन्हा विचारावं लागतं. वाचलं एक आणि आत गेलं दुसरंच, असं म्हणूनच होत नाही.

कंपन्यांमध्ये दिवाळीच्या विक्रीआधी किंवा आर्थिक वर्षाच्या अखेरीस असेच फ्रीझ असतात, आणि तिथली अपवादाची तिकिटं नेमकी याच ठिकाणी सैल पडतात. कारणाच्या रकान्यात ‘अर्जंट, क्लायंटनं सांगितलं’ असतं. त्यावरून मागणी कोणाची हे कळतं, नुकसान कोणाचं हे कळत नाही. मान्यतेच्या रकान्यात एका गटाचं नाव असतं, म्हणजे प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं पाहिलं असेल. रात्री दोनला फोनवर होकार घेऊन बदल चढवतात आणि तिकीट सकाळी बनतं: वरातीमागून घोडं. आणीबाणीत फोनवरचा होकार घ्यावा लागतोच. पण तो देणारा कोण, आणि तो हजर नसेल तर त्याच्या जागी कोण, ही दोन नावं फ्रीझ सुरू होण्याआधी लिहून ठेवली, तर त्या रात्री शोधाशोध होत नाही.

पद्धत नुसती कागदावर उरली आहे का, हे ओळखायला जुनी तिकिटं काढून पाहावीत. शेकडो ओळींच्या बदलाला दोन मिनिटांत होकार मिळाला असेल, तर तो बदल कोणी वाचलेला नाही. तिकिटातली आवृत्ती आणि प्रत्यक्ष चालू असलेली आवृत्ती जुळत नसेल, तर मान्यता भलत्याच गोष्टीला मिळाली आहे. आणि पूर्ण फ्रीझमध्ये एकही विनंती परत गेली नसेल, तर विचारण्याला काही अर्थ उरलेला नाही.

नकार देणं जड जातं, कारण तो कायमचा वाटतो. डेबियनमध्ये तसं नसतं. प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीच्या दुरुस्त प्रती नंतर निघत राहतात. ट्रिक्सीची पहिली, 13.1, सप्टेंबर २०२५ च्या ६ तारखेला निघाली, म्हणजे प्रकाशनानंतर चारच आठवड्यांनी. त्यामुळे जुलैच्या शेवटी एखादी खरी पण न तातडीची दुरुस्ती बाजूला ठेवताना तपासणारा तिला पुढची वेळ दाखवू शकत होता. आपल्या फ्रीझनंतरची पहिली तारीख तिकिटाच्या साच्यातच छापलेली असेल, तर ‘आत्ता नाही’ म्हणणं सोपं जातं, आणि ते ऐकणाऱ्यालाही आपलं काम वाया गेलं असं वाटत नाही.