उत्तर बरोबर, टाकी रिकामी

गणिती प्रतिमान म्हणजे प्रत्यक्षातील प्रश्नाला गणिताचे रूप देऊन उत्तर शोधणे. असा प्रश्न पुस्तकातील उदाहरणासारखा तयार मिळत नाही. काय धरायचे आणि काय सोडायचे हे विद्यार्थ्यालाच ठरवावे लागते. त्यामुळे अशा प्रकल्पाचे मूल्यमापन करताना आकडेमोडीइतकेच त्यामागच्या गृहीतकांकडेही पाहावे लागते. कॉमॅप आणि सियाम या अमेरिकेतील संस्थांनी 2016 साली गणिती प्रतिमानांच्या अध्यापन-मूल्यमापनाविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. गृहीतके स्पष्ट मांडणे हा प्रतिमान उभारण्याचाच भाग असल्याचे तीही मानते.

शाळेत सहज देता येईल असा एक प्रकल्प घेऊ: पाच जणांच्या घराला गच्चीवरचे पावसाचे पाणी पिण्या-स्वयंपाकासाठी वर्षभर पुरवायचे, तर टाकी किती मोठी हवी? गच्ची 100 चौरस मीटर आणि वर्षाचा पाऊस 700 मिलिमीटर, म्हणजे साधारण पुण्याइतका. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. त्यातले 80 टक्के हाती लागते असे धरले, तर वर्षाला 56,000 लिटर पाणी जमते. माणशी रोज 10 लिटर या हिशेबाने घराची गरज दिवसाला 50 लिटर, म्हणजे वर्षाला 18,250 लिटर. पाणी पुरून उरते. प्रश्न उरतो तो साठवणीचा.

समजा, एका विद्यार्थ्याने पाऊस बाराही महिने सारखा पडतो असे धरले. मग महिन्याला सुमारे 4,667 लिटर पाणी येते आणि 1,500 लिटर लागते. म्हणून 2,000 लिटरची टाकी पुरे, असे त्याचे उत्तर निघते. आकडेमोडीत एकही चूक नाही. पण पाऊस ऑक्टोबरच्या सुरुवातीला थांबला, तर ही टाकी 40 दिवसांत, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यालाच रिकामी होते. दुसऱ्या विद्यार्थ्याने पावसाळा चार महिन्यांचा धरला आणि उरलेल्या 240 दिवसांचे पाणी साठवायचे ठरवले. गुणाकारात मात्र तो घसरला आणि 12,000 ऐवजी 10,000 लिटर लिहून बसला. त्याची टाकी 200 दिवस पुरेल. त्याची चूक एक ओळ दुरुस्त केली की मिटते. पहिल्याला मांडणीच नव्याने करावी लागते. गुण फक्त अंतिम उत्तराला दिले तर दोघेही सारखेच नापास ठरतात, आणि फक्त आकडेमोडीला दिले तर पहिला वरचढ ठरतो.

यावर उपाय म्हणजे गुणांची विभागणी. उदाहरणार्थ, 20 गुणांपैकी 6 गृहीतके व त्यांच्या कारणांना, 6 मांडणी व आकडेमोडीला, 4 पडताळणीला आणि उरलेले 4 निष्कर्ष व त्याच्या मर्यादांना. गुणाकारातील चूक एकदाच कापायची. पुढच्या पायऱ्या त्या चुकीच्या आकड्यावरून नीट केल्या असतील, तर त्यांचे गुण द्यायचे.

गृहीतकांचे गुण त्यांच्या संख्येवर देऊ नयेत. ‘टाकी गळत नाही’, ‘गच्ची सपाट आहे’ अशी यादी वाढवणे सोपे असते. प्रत्येक गृहीतक काढून पाहावे. हिशेबातली एकही ओळ बदलत नसेल, तर ते शोभेपुरतेच आहे. कारणही तपासावे. ‘पावसाळा चार महिन्यांचा’ यासाठी जवळच्या पर्जन्यमापक केंद्राच्या मासिक नोंदी दाखवणे आणि नुसते ‘असे मानू’ म्हणणे यांत फरक आहे.

पडताळणीत पाहायचे ते गृहीतक हलवल्यावर निर्णय किती हलतो हे. हाती लागणारे पाणी 80 ऐवजी 70 टक्के धरले, तर 49,000 लिटर मिळते. गरजेच्या मानाने तेही भरपूर. पाऊस निम्मा झाला तरी 28,000 लिटर मिळते. मात्र आंघोळ-धुणे धरून माणशी रोज 55 लिटर लागतात असे मानले, तर वर्षाची गरज एक लाख लिटरवर जाते आणि गच्चीचे पाणी पुरतच नाही. म्हणजे या प्रकल्पात पाणी कशासाठी वापरायचे आणि पाऊस वर्षात कसा विभागला आहे, ही दोन गृहीतके निर्णायक आहेत. ज्याने हे ओळखून लिहिले, त्याला पडताळणीचे पूर्ण गुण मिळावेत.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. कोणते गृहीतक वाजवी, याबाबत दोन परीक्षकांचे मत वेगळे पडू शकते. म्हणून काही प्रकल्प दोघांनी आधी स्वतंत्रपणे तपासून गुणांतील फरकावर चर्चा करावी आणि मगच बाकीचे हाती घ्यावेत. लेखी अहवालात दुसऱ्याची मांडणी उतरवली असल्याची शंका आली, तर तोंडी एक प्रश्न पुरतो: पाऊस महिनाभर उशिरा आला, तर हिशेबात काय बदलेल? ज्याने प्रतिमान स्वतः उभारले आहे, तो 240 च्या जागी 270 दिवस घेऊन 13,500 लिटरची टाकी सांगतो.