उशीर कळवणारं पत्र

पुस्तकाची मांडणी करणाऱ्या एका फ्रीलान्सरने लॅपटॉपवर विंडोजशेजारी उबुंटू टाकायला घेतलं. इन्स्टॉलेशन मध्येच फसलं आणि डिस्कवरची सगळी मांडामांड पुसली गेली. प्रकाशकाला लिहिताना त्याने हे एका वाक्यात आटोपलं, ते योग्यच. प्रकाशकाला पुढचं हवं असतं: "सातव्या प्रकरणापर्यंतची पानं बॅकअपमध्ये सुरक्षित आहेत; त्यांची पीडीएफ आजच पाठवतो. आठवं आणि नववं पुन्हा लावावं लागेल. शुक्रवारऐवजी पुढच्या बुधवारी पूर्ण फाइल देतो."

ही नवी तारीख मात्र सॉफ्टवेअर आणि फाँट पुन्हा बसवून, बॅकअपची फाइल प्रत्यक्ष उघडून पाहिल्यावरच द्यावी. मूळ फाँट नसेल तर त्याजागी दुसराच येतो, ओळी सरकतात, पानं वाढतात आणि अनुक्रमणिकेतले पृष्ठक्रमांक चुकतात.