‘मृत्युंजय’ जरा थांबू दे

परदेशात वाढलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला मराठी पुस्तक भेट द्यायचं ठरलं की आपल्याकडचे नातेवाईक बहुधा दोनच पुस्तकं उचलतात, ‘श्यामची आई’ किंवा ‘मृत्युंजय’. पहिलं संस्कारांसाठी. दुसरं अशासाठी की कर्णाची गोष्ट तिला इंग्रजीतून ठाऊक असते. न्यू जर्सीतल्या माझ्या भाचीच्या कपाटात दोन्ही आहेत, आणि ‘मृत्युंजय’मधली खूण सुरुवातीच्या पानांतच अडकून पडली आहे.

तिची चूक नाही, हिशेबच तसा आहे. घरात ती मराठी फाडफाड बोलते, पण वाचताना मिनिटाला चाळीसेक शब्दांपुढे जात नाही. छापील पानावर अडीचशे शब्द धरले तर एका पानाला सहा मिनिटं लागतात. ‘मृत्युंजय’ची पानं सातशेच्या वर, म्हणजे किमान सत्तर तास. रोज वीस मिनिटं नेमाने वाचलं तरी सात महिने. शाळा, बँड आणि पोहण्याचा सराव सांभाळणारी कोणती मुलगी एकाच पुस्तकाला सात महिने देईल? व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ सव्वाशे-दीडशे पानांची. ती याच वेगाने सव्वा-दीड महिन्यात हातावेगळी होते. यादी करताना थोरवीच्या आधी जाडी पाहावी, असं माझं मत या हिशेबाने झालं.

मात्र नुसती जाडी पाहून भागत नाही. वाचन कशामुळे मंदावतं, हे आधी तपासावं लागतं, आणि त्याची परीक्षा सोपी आहे. एक पान मुलीला मोठ्याने वाचू द्यावं. मग तेच पान आपण तिला वाचून दाखवावं आणि काय कळलं ते विचारावं. ऐकून कळलं, पण वाचून कळलं नव्हतं, तर अडचण डोळ्यांची आहे आणि ती सरावाने जाते. ऐकूनही कळलं नाही, तर पुस्तक अजून तिचं नाही. ते खुशाल बाजूला ठेवावं.

डोळ्यांची अडचण म्हणजे नुसती जोडाक्षरं नव्हेत. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च लिहायला सारखे, बोलायला वेगळे. मुलगी ‘चाक’ हा शब्द ‘चार’सारखा उच्चारते आणि रोज ऐकलेला शब्द तिला अनोळखी वाटतो. ‘केलं’, ‘गेलं’ ऐकत वाढलेल्या कानाला पुस्तकातलं ‘केले’, ‘गेले’ परकं लागतं. शब्दकोशाचीही एक खोच आहे. मोल्सवर्थचा कोश आता संगणकावर शोधता येतो, पण ‘देवळात’ हा शब्द तिथे सापडणार नाही, ‘देऊळ’ शोधावं लागतं. तिथपर्यंत पोचायला आई किंवा आजी शेजारी असलेली बरी.

भाचीवर ही परीक्षा केली तेव्हा ‘मृत्युंजय’चं पान ऐकूनही तिला अर्धंमुर्धंच कळलं. त्यातली संस्कृतप्रचुर मराठी तिच्या घरात कोणी बोलतच नाही. पु. ल. देशपांड्यांचा ‘नारायण’ मात्र ऐकताना ती हसत होती. म्हणून यादी तिथून सुरू केली.

‘व्यक्ती आणि वल्ली’ सरसकट हातात देऊ नये. त्यातला ‘सखाराम गटणे’ आपल्याला आवडतो तो त्याच्या छापील, पल्लेदार भाषेमुळे. ती भाषा छापील आहे हे ओळखू येण्याइतकी मराठी आधी मुरलेली असावी लागते, नाहीतर विनोद म्हणजे नुसते अवघड शब्द. ‘नारायण’ लग्नघरातला. लग्नातली धांदल एडिसनमधल्या मुलीनेही पाहिलेली असते. शिवाय पुलंच्या आवाजातली ध्वनिमुद्रणं सहज मिळतात. ती कशी वापरायची, यात मात्र बरेच पालक चुकतात. पुस्तक उघडून ध्वनिमुद्रण लावलं तर सावकाश वाचणारीची दमछाक होते, कारण पुलं तिच्या तिप्पट वेगाने पुढे जातात. आधी पुस्तक मिटून नुसतं ऐकावं. दुसऱ्या दिवशी तोच लेख एकटीने वाचावा. ऐकलेलं आणि छापलेलं शब्दाला शब्द जुळलं नाही तरी बिघडत नाही, डोकं पुढचा शब्द आधीच ताडू लागतं.

त्यानंतर प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’. आजी-आजोबांकडे राहायला आलेला लंपन स्वतःच आपल्या गोष्टी सांगतो. वाक्यं मुलाच्या तोंडची, आणि त्याचे लाडके शब्द पुन्हा पुन्हा येतात. सावकाश वाचणाऱ्याला अशी पुनरावृत्ती फार उपयोगी पडते. बेळगावकडच्या बोलीतले कानडी वळणाचे शब्द मराठी घरातल्या पुष्कळ मोठ्यांनाही ठाऊक नसतात, त्यामुळे तिथे मुलीला एकटीलाच अडाणी वाटत नाही. पुस्तक 1994 सालचं आहे, त्याला अभिजात म्हणावं का यावर वाद घालायला मी तयार आहे.

‘श्यामची आई’ मी यादीतून काढलेली नाही, फक्त सलग वाचायला सांगत नाही. साने गुरुजींनी ती नाशिकच्या तुरुंगात लिहिली आणि एकेका रात्रीची एकेक गोष्ट अशी रचली, म्हणून एका बैठकीत एक रात्र पुरी होते. साने गुरुजी 1950 साली गेले. साठ वर्षांची मुदत संपून पुस्तक आता भारतात स्वामित्वहक्काबाहेर आहे, आणि पडद्यावर अक्षर हवं तेवढं मोठं करून वाचता येतं. चार-पाच रात्री निवडाव्यात. बेचाळीस रात्री ओळीने वाचल्या तर अश्रूंचा भार पंधराव्या वर्षी पेलत नाही, हे मोठ्यांनी कबूल करावं.

‘बनगरवाडी’ येते ती यानंतर. तरुण राजाराम मास्तर म्हणून धनगरांच्या वाडीवर येतो. तालीम बांधली जाते, दुष्काळ पडतो, गाव ओस पडतं. माडगूळकर निवेदन छोट्या वाक्यांत, साध्या प्रमाण मराठीत करतात. माणदेशी बोली येते ती संवादांत. पालक घाबरतात ते या संवादांना, आणि मुलीही पहिल्या दिवशी तिथेच अडखळतात. उपाय एकच, संवाद मोठ्याने वाचायचे. बोली जशी ऐकू येते तशी छापलेली असते, त्यामुळे डोळ्याला विचित्र दिसणारं ‘न्हाई’ कानाला लगेच ‘नाही’ लागतं. ‘हाय’, ‘व्हय’, ‘कुटं’ असे आठ-दहा शब्द वहीच्या मुखपृष्ठावर लिहून ठेवले की गाडी चालू लागते. मेंढरांशी आणि चावडीशी निगडित शब्द मात्र वाचायच्या आधीच सांगून टाकावेत, मध्ये थांबवून नव्हे. पानावर दहापेक्षा जास्त शब्द अडले तर आठवडाभर लंपनकडे परतावं.

‘स्मृतिचित्रे’ वर्षभराने. लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र 1934 पासून चार भागांत आलं. लहानपणी त्या शाळेत गेल्या नव्हत्या, लिहायला-वाचायला लग्नानंतर शिकल्या, आणि लिहिलं ते समोर बसून सांगितल्यासारखं. वाक्यं सोपी, पण सोवळ्याओवळ्याने झपाटलेले वडील किंवा टिळकांच्या धर्मांतराने फुटलेला संसार समजायला पार्श्वभूमी लागते. ती मोठ्यांनी अर्ध्या तासात सांगावी, एवढंच काम.

कवितांबद्दल एक सावधगिरी. ओळी थोड्या म्हणून बहिणाबाई आधी द्याव्यात असं वाटतं, पण त्यांची खानदेशी बोली न्यू जर्सीच्या घरात बहुधा कोणाच्याच कानावरून गेलेली नसते. तिथेही आधी ऐकणंच बरं.

सतराव्या-अठराव्या वर्षी दया पवारांचं ‘बलुतं’. 1978 सालचं हे पुस्तक गावकुसाबाहेरचं आणि मुंबईतल्या झोपडवस्तीतलं जगणं काही न लपवता सांगतं. ते देताना पालकांनी स्वतः पुन्हा वाचलेलं असावं, कारण मुलगी विचारेल ते प्रश्न जातीचे असतील, अगदी आपल्या आडनावापर्यंत येणारे. भाचीने अजून ते उघडलेलं नाही. सध्या ती ‘बनगरवाडी’त तालमीच्या बांधकामापर्यंत पोचली आहे.